परांची उतरल्यावर लिहायचा अहवाल

सोसायटीच्या सभेत इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मागच्या वेळी किती खर्च आला होता? कुणी म्हणतं साठ लाख, कुणी म्हणतं पाऊण कोटीच्या वर गेला होता. तेव्हाचे सचिव फ्लॅट विकून मुलाकडे राहायला गेलेले असतात. कपाटात बिलांच्या फायली असतात, पण त्यातलं कुठलं बिल शेवटचं हे कळत नाही. मग त्याच इमारतीसाठी, त्याच पश्चिमेच्या भिंतीसाठी, नवी कमिटी पुन्हा पहिल्यापासून अंदाज बांधायला बसते.

काम संपल्यावर लिहायचा समापन अहवाल या प्रश्नासाठी असतो. रस्ते, धरणं, कारखाने, सॉफ्टवेअर अशा सगळ्या कामांत त्याची पद्धत आहे. पण सर्वसामान्य माणूस स्वतःच्या खिशातून पैसे घालतो आणि स्वतः निर्णयात सहभागी असतो असं मोठं काम म्हणजे गृहनिर्माण सोसायटीची दुरुस्ती. तिथे हा अहवाल क्वचितच लिहिला जातो. वास्तविक गरज तिथे सर्वात जास्त आहे. महाराष्ट्रात सोसायटीच्या कमिटीची मुदत पाच वर्षांची. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. म्हणजे इमारतीचा आजार तोच राहतो, डॉक्टर मात्र बदलत जातात, आणि केसपेपर कुणाकडेच नसतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेब समजावा म्हणून सोपे केले आहेत, पण घडामोडी अशाच असतात. मुंबईच्या परिसरातली, तळमजला अधिक चार मजल्यांची, ४० फ्लॅटांची, पस्तिशी गाठलेली इमारत. ऑडिटमध्ये काँक्रीट जागोजाग फुगलेलं आणि सळ्या गंजलेल्या आढळल्या. सर्वसाधारण सभेनं ६२ लाखांचा खर्च मंजूर केला. फ्लॅटमागे १ लाख ५५ हजार. काम संपलं तेव्हा खर्च निघाला ७३ लाख २० हजार, म्हणजे फ्लॅटमागे १ लाख ८३ हजार. २८ हजारांचा फरक. सभासद विचारणार, हे ११ लाख २० हजार गेले कुठे? आणि आठ वर्षांनी येणारी कमिटी विचारणार, आता आपण किती धरायचे? चांगला अहवाल या दोन्ही प्रश्नांना एकाच हिशेबातून उत्तर देतो.

अंतिम खर्चापासूनच सुरुवात करावी लागते, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पासबुक बघून खर्च लिहिणं. आपल्या उदाहरणात कंत्राटदाराचं एकूण काम ५९ लाख १८ हजारांचं झालं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून बिलं झाली ६९ लाख ८३ हजार २४० रुपयांची. पण बँकेतून कंत्राटदाराला गेले ६६ लाख २८ हजार १६० रुपयेच. मधला फरक दोन ठिकाणी आहे. सोसायटीनं नियमानुसार एक टक्का टीडीएस कापून सरकारात भरला, ते ५९ हजार १८० रुपये. आणि कामाच्या पाच टक्के रक्कम, २ लाख ९५ हजार ९०० रुपये, अनामत म्हणून राखून ठेवली. दोषदायित्वाची मुदत संपली की ती द्यायची आहे. पासबुकावरून अहवाल लिहिणारा खर्च साडेतीन लाखांनी कमी दाखवतो. वर्षभरानं अनामत परत करायची वेळ आली की नवा खजिनदार गोंधळतो: काम तर संपलं, हे पैसे कसले? म्हणून अहवालात झालेला खर्च, दिलेले पैसे आणि अजून द्यायचे पैसे असे तीन आकडे वेगवेगळे लिहायचे. त्यात सल्लागाराचं मानधन, ऑडिट आणि चाचण्यांचा खर्च, सभेच्या झेरॉक्सपासून रात्रीच्या जादा दिव्यांपर्यंतचा किरकोळ खर्चही मिळवायचा, कारण हे पैसे कंत्राटदाराच्या बिलात कधीच दिसत नाहीत. आपल्या उदाहरणात ही सगळी भर ३ लाख ३६ हजार ७६० रुपयांची होती, आणि त्यातले एक लाखावर रुपये मूळ अंदाजात कुणी धरलेच नव्हते.

आता वाढीचं कारण. इथे सर्वात महत्त्वाचं काम म्हणजे वाढ दरामुळे झाली की परिमाणामुळे, हे वेगळं काढणं. निविदेत पॉलिमर मॉर्टरचं काम ४,००० चौरस फूट धरलं होतं, दर फुटाला ३०० रुपये. गंजलेल्या सळईवरचं सुटं काँक्रीट फोडायचं, सळई घासून साफ करायची, तिला गंजरोधक लेप द्यायचा आणि वर पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरचा २५ मिलिमीटरचा थर भरायचा, असं ते काम. प्रत्यक्षात बिल झालं ६,५०० चौरस फुटांचं. दर तोच राहिला. म्हणजे कंत्राटदारानं भाव वाढवला नाही, काम वाढलं. या एकाच बाबीत साडेसात लाख वाढले, वर जीएसटी. उलट बाहेरचा गिलावा अंदाजापेक्षा ८०० फूट कमी भरला आणि ७२ हजार वाचले. दुसरी मोठी वाढ २ लाख ४० हजारांची: शौचालयांच्या डक्टमधले जुने बिडाचे पाइप काढून नवे पीव्हीसी पाइप बसवले. हे काम निविदेत नव्हतंच.

बरेच अहवाल इथे थांबतात. 'परिमाण वाढल्याने खर्च वाढला' असं एक वाक्य लिहिलं की लिहिणाऱ्याचं समाधान होतं. पण पुढच्या कमिटीला त्या वाक्याचा काडीचाही उपयोग नाही. तिला हवं असतं ते मोजमाप वहीत दडलेलं असतं. आपल्या उदाहरणातली वही उघडली की कळतं, ६,५०० फुटांपैकी ९०० फूट हे दुसऱ्या थराचे आहेत. जिथे गंज खोल गेला होता तिथे २५ मिलिमीटरचा एक थर पुरला नाही, ५० मिलिमीटर भरावं लागलं, आणि करारानुसार प्रत्येक थराचे पैसे वेगळे. म्हणजे खराब झालेला पृष्ठभाग प्रत्यक्षात ५,६०० फूट होता. पैसे ६,५०० चे, पृष्ठभाग ५,६०० चा. दोन्ही आकडे लिहिले नाहीत, तर पुढच्या वेळचा सल्लागार समजेल की इमारतीत साडेसहा हजार फूट खराब होतं, आणि त्याचा अंदाज सुरुवातीलाच घसरेल.

उरलेली वाढ १,६०० फुटांची. ती कुठे सापडली? १,१०० फूट पश्चिमेच्या भिंतीवर आणि शौचालयांच्या डक्टमध्ये. पश्चिमेचं कारण कोकणपट्टीत राहणाऱ्याला सांगायला नको. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा मारा त्याच बाजूला असतो. डक्टचं कारण मात्र शोधावं लागतं. बिडाच्या पाइपांचे सांधे वर्षानुवर्षं झिरपत होते, ते पाणी बीममध्ये आणि स्लॅबच्या कडेत उतरत होतं, आणि सळ्या तिथेच सर्वात जास्त खाल्ल्या गेल्या होत्या. म्हणजे निविदेत नसलेले पाइप आणि निविदेपेक्षा वाढलेलं मॉर्टर या दोन वेगळ्या बाबी नव्हत्या. पाणी थांबवायचं काम अंदाजात नव्हतं, त्या पाण्यानं केलेली हानी मात्र अर्धवट धरली होती. दोन आकडे शेजारी ठेवून त्यांच्यातला हा संबंध दाखवणं हे अहवाल लिहिणाऱ्याचं खरं काम. बिलं कुणीही बेरजेला लावतो.

आणि आधी का कळलं नाही? कारण निविदेपूर्वीची पाहणी परांचीशिवाय झाली होती. हातोडीनं ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते बघणं, ज्याला साइटवर टॅपिंग म्हणतात, ते जमिनीवरून, जिन्यातून, बाल्कन्यांतून आणि गच्चीवरून जेवढं हाताला लागेल तेवढंच झालं. तिसऱ्या-चौथ्या मजल्याची मधली भिंत आणि डक्टचा आतला भाग कुणी ठोकून पाहिलाच नव्हता. परांची चढल्यावर पुन्हा टॅपिंग झालं आणि खरं चित्र समोर आलं. यात कुणाची लबाडी नव्हती. दुरुस्तीच्या कामाचा हा स्वभाव आहे. नव्या बांधकामात नकाशावरून परिमाण काढता येतं, जुन्या इमारतीत फोडल्याशिवाय कळत नाही.

यातून निघणारा धडा कसा लिहायचा? 'पुढील वेळी नियोजन काटेकोर करावे' हे वाक्य मी इतक्या अहवालांत वाचलं आहे की ते दिसलं की मला वाईट वाटतं. ते कुठल्याही कामाच्या फायलीत घाला, तितकंच चपखल बसतं. म्हणूनच ते निरुपयोगी आहे. धडा असा लिहावा, की वाचणाऱ्याला कुठल्या दिवशी, कुठल्या कागदावर, काय करायचं ते कळेल. आपल्या उदाहरणात तो असा होईल: निविदा काढण्यापूर्वी पश्चिमेची भिंत आणि निदान एक डक्ट यांना तात्पुरती परांची किंवा झुला लावून टॅपिंग करून घ्यावं. डक्टमधले पाइप मूळ निविदेतच धरावेत. मॉर्टरच्या बाबीपुरती वाढीची तरतूद वेगळी ठेवावी, सगळ्या कामावर सरसकट टक्केवारी लावू नये. गिलावा, रंग आणि गच्ची या बाबी अंदाजाच्या जवळपासच राहिल्या. आणि परांची चढल्यावर दुसरं टॅपिंग झालं की फोडकाम सुरू करण्यापूर्वी सुधारित परिमाण सभेपुढे मांडावं. या वेळी ते सभेला शेवटच्या बिलासोबत कळलं, आणि सगळा वाद तिथून सुरू झाला.

हा शेवटचा धडा लिहायला हिंमत लागते, कारण तो लिहिणाऱ्याच कमिटीकडे बोट दाखवतो. पण तो माणसाच्या नावावर न लिहिता निर्णयाच्या नावावर लिहिता येतो. कोणत्या तारखेच्या बैठकीत, हाताशी कोणती माहिती असताना, काय ठरलं आणि पुढे काय निघालं, एवढंच लिहायचं. सचिवांनी हलगर्जीपणा केला असं लिहिलं की सचिव स्वतःचा बचाव करणार, अध्यक्ष ते वाक्य खोडणार आणि सोबत धडाही खोडला जाणार. शिवाय जे नीट झालं तेही त्याच बारकाईनं लिहायला हवं. याच कामात परांची बांधण्यापूर्वी प्रत्येक फ्लॅटच्या खिडक्या, ग्रिल आणि एसीच्या बाहेरच्या युनिटचे फोटो काढून सभासदाची सही घेतली होती. काच फुटल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा फोटो काढून बघितला की विषय मिटत होता. हे आपोआप घडलं असं पुढच्या कमिटीला वाटू नये.

दर आणि परिमाण यांबद्दल आणखी एक गोष्ट. आठ वर्षांनी ३०० रुपयांचा दर जुना झालेला असेल, त्याच्या आधारे काही ठरवता येणार नाही. पण पश्चिमेला किती फूट खराब निघालं, गच्ची किती फुटांची आहे, रंगाचं क्षेत्र किती भरलं, हे आकडे शिळे होत नाहीत. म्हणून रुपयांपेक्षा फुटांकडे जास्त लक्ष द्यावं आणि ते भिंतीप्रमाणे, मजल्याप्रमाणे सुटे करून द्यावेत. फोटोंनाही तसंच नाव हवं: 'पश्चिम, ३ रा मजला, कॉलम सी-७, फोडल्यानंतर'. मोबाइलनं दिलेल्या आकड्यांच्या नावाखाली पडलेले चारशे फोटो असून नसल्यासारखेच.

आता राहिलेली कामं. प्रत्येक कामात काही ना काही राहतं, आणि ते लपवण्याची इच्छा सगळ्यात जास्त इथेच होते. कामाचा दाखला देऊन मोकळं व्हावं असं कंत्राटदाराला वाटतं, सभेनं टाळ्या वाजवाव्यात असं कमिटीला. पण राहिलेल्या कामाची नोंद नसली की ते काम कुणाचंच राहत नाही. आपल्या इमारतीत दोन फ्लॅट बंद होते, मालक परदेशी. त्यांच्या शौचालयांच्या छतातले बीम आतून उघडताच आले नाहीत. बाहेरून इमारत नवीकोरी दिसते, रंग चकचकीत आहे. त्या दोन बीमना मात्र हात लागलेला नाही. अहवालात हे फ्लॅट क्रमांकासह लिहायचं, मालकाला पाठवलेल्या पत्रांच्या तारखा द्यायच्या, त्या कामाचे पैसे दिलेले नाहीत हे नमूद करायचं, आणि फ्लॅट उघडला की कुणी, कोणत्या दरानं, किती दिवसांत काम करायचं ते कंत्राटदाराच्या सहीनिशी ठरवून ठेवायचं. 'प्रगतीपथावर आहे' हे शब्द या भागात येऊच देऊ नयेत. राहिलेल्या कामाला जबाबदार पद हवं, तारीख हवी, आणि तारीख देता येत नसेल तर कोणती घटना घडली की ते हाती घ्यायचं ते तरी हवं.

अनामतीचंही तसंच. काम १५ मे रोजी संपलं आणि दोषदायित्वाची मुदत १२ महिन्यांची असेल, तर मध्ये एक पूर्ण पावसाळा येतो. तो तपासणीचा काळ. जुलैमध्ये एकदा आणि परतीचा पाऊस संपल्यावर एकदा, सगळ्या वरच्या मजल्यांची छतं आणि पश्चिमेच्या खोल्या बघून ओल कुठे दिसते त्याची नोंद करायची, आणि दोष निघाले तर मुदत संपण्यापूर्वी लेखी कळवायचे. अहवालात हे दोन महिने लिहून ठेवले नाहीत, तर पुढच्या मे महिन्यात कंत्राटदार पैसे मागायला येतो तेव्हा भिंती कोरड्या ठणठणीत असतात आणि दाखवायला काहीच नसतं.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची दहा वर्षांची हमी स्टॅम्प पेपरवर मिळाली, म्हणून लोक निश्चिंत होतात. त्या हमीच्या अटी मात्र कुणी वाचत नाही. गच्चीला भोक पाडून डिश अँटेना किंवा सोलर पॅनेलचा सांगाडा बसवला, तर हमी रद्द, असं त्यात बहुधा लिहिलेलं असतं. तिसऱ्या वर्षी नवी कमिटी उत्साहानं सोलर बसवते आणि सातव्या वर्षी गळती लागली की कंत्राटदार बोल्ट दाखवतो. म्हणून हमीपत्र नुसतं जोडून भागत नाही. हमी कुणी दिली, कामाच्या ठेकेदारानं की माल बनवणाऱ्या कंपनीनं, कधी संपते आणि कशानं मोडते, हे अहवालाच्या मजकुरातच साध्या मराठीत यायला हवं.

वादातली रक्कमही नोंदवायची असते. समजा डक्टच्या आतल्या गिलाव्याचे ८५ हजार कंत्राटदार मागतो आहे आणि ते पाइपांच्या दरातच धरले होते असं सोसायटीचं म्हणणं आहे. ही रक्कम अंतिम खर्चात मिळवायची नाही, आणि गाळूनही टाकायची नाही. वेगळ्या ओळीत, दोन्ही बाजूंच्या पत्रांच्या तारखांसह, 'अमान्य, निर्णय बाकी' अशी ठेवायची. जिन्याच्या उत्तरेच्या भिंतीवर एक भेग राहिली आहे आणि तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख घातली आहे, तर तेही लिहायचं. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. ती पट्टी कशासाठी आहे हे ठाऊक नसलेला रंगारी एका सकाळी ती खरवडून काढतो.

हे सगळं लिहायचं कधी? अंतिम बिल मंजूर झाल्यापासून महिन्याभरात. त्यानंतर साइट सुपरवायझर दुसऱ्या कामावर जातो, आणि कुठल्या कॉलमला दोन थर का लागले हे तोच सांगू शकतो. परांची उतरवण्यापूर्वी त्याच्यासोबत एक फेरी मारून वही भरून घेतली तर सोन्याहून पिवळं. धड्यांसाठी कमिटीच्या पाच-सात जणांनी आपापसांत बसून भागत नाही. दिवसभर घरी असलेल्या बायकांना आणि वयस्कर सभासदांना पाणी किती वाजता बंद झालं, मजूर किती वाजता आले, कोणत्या मजल्यावर गिलाव्यावर पाणी मारलंच नाही, हे नेमकं माहीत असतं. वॉचमनला सिमेंटच्या गोण्या किती आल्या ते माहीत असतं. त्यांना विचारावं.

अहवाल सात-आठ पानांचा पुरे. पहिल्या पानावर मंजूर खर्च, झालेला खर्च, फरक आणि फरकाची दोन-तीन कारणं. तेवढंच वाचून उठणारे जास्त असतात आणि त्यांचंही काम व्हायला हवं. मोजमाप वहीची प्रत, फोटो, हमीपत्र, पत्रव्यवहार आणि चाचण्यांचे निकाल जोडपत्रात. मग तो कपाटात हरवू नये म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतात. दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तो मांडून इतिवृत्तात त्याची नोंद करायची, म्हणजे तो कमिटीचा खासगी कागद राहत नाही. आणि कमिटी बदलताना चार्ज देण्याच्या यादीत त्याचं नाव स्वतंत्र ओळीत घालायचं. राहिलेल्या कामांचं पान तर नव्या कमिटीच्या पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवरच यायला हवं.

आणि मे महिन्यात अनामत परत केली की अहवालाला एक पान आणखी जोडायचं: पावसाळ्यात कुठे ओल आली, कंत्राटदारानं काय दुरुस्त करून दिलं, ८५ हजारांचं काय ठरलं, अनामतीतून किती कापले आणि किती दिले. तोवर ७३ लाख २० हजार हा आकडा अंतिम नसतो. दोन बंद फ्लॅट अजून उघडले नसतील, तर ते त्या पानावरही तसेच, क्रमांकासह, पुन्हा लिहायचे.